झिरो-इनपुट आणि झिरो-स्टेट: माझे उणे १२ आणि ९, पुस्तकात उणे ३ आणि १. चुकलं कुठं?

सई_शहापूर

नमस्कार मंडळी. मी शहापूरची, ईसीच्या चौथ्या सेमला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. वर्गात सर अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी बोलतात. शेजारी बसणारी मैत्रीण चिकोडीची, ती अस्खलित कन्नडात समजावते आणि माझं कन्नड बस कंडक्टरशी बोलण्यापुरतं. म्हणून इथं विचारायलेय.

गणित असं आहे:

```
y[n] - (5/6) y[n-1] + (1/6) y[n-2] = x[n]
x[n] = u[n],   y[-1] = 6,   y[-2] = 6
```

झिरो-इनपुट उत्तर मला बरोबर आलं. उजवीकडे शून्य ठेवलं, मुळं काढली, १/२ आणि १/३ मिळाली. मग A(1/2)^n + B(1/3)^n मध्ये n = -1 आणि n = -2 घातलं. 2A + 3B = 6 आणि 4A + 9B = 6. त्यातून A = 6, B = -2. पुस्तकातही हेच आहे.

घोळ झिरो-स्टेटमध्ये आहे. इनपुट कायम १, म्हणून K धरून K(1 - 5/6 + 1/6) = 1, म्हणजे K = 3. मग 3 + C(1/2)^n + D(1/3)^n. झिरो-स्टेट म्हणजे सुरुवातीला सगळं शून्य, म्हणून मी y[0] = 0 आणि y[1] = 0 घेतलं. C = -12 आणि D = 9 आले. पुस्तकात आहे C = -3, D = 1.

माझं उत्तर मूळ समीकरणात घालून बघितलं तर n = 2 पासून पुढं अगदी बरोबर बसतं. मग ते चूक कसं? पुस्तकात छपाईची चूक असेल का?

---

कुंदाप्रेमी

पुस्तकात चूक आहे असं वाटलं की आधी दोन तास थांबावं आणि चहा घ्यावा. आमच्या वेळेला मी तसं सरांना तोंडावर सांगितलं होतं. पुढची गोष्ट विचारू नका.

---

अथणी_बीएस्सी

समीकरणात y' कुठं दिसेना? डिफरन्शियल इक्वेशनला e ची घात धरायची असते. y = e^(rt) घाला आणि r काढा. (1/2)^n कुठून आणलं?

---

अनगोळची_रेवा

@अथणी_बीएस्सी, हे डिफरन्शियल नव्हे, डिफरन्स समीकरण आहे. इथं काळ वाहत नाही, पायऱ्यांनी चढतो. एक पायरी मागं गेलं की r^n ला r ने भागलं जातं, तेवढ्यानं काम होतं. तुमचा e आत दडलेला आहेच, (1/2)^n म्हणजे e^(-0.693n). पण हाताला r^n सोपं.

@सई, तुझ्या प्रश्नाकडं येते. आधी सगळी सूत्रं बाजूला ठेव. कागदावर समीकरण असं लिही:

```
y[n] = (5/6) y[n-1] - (1/6) y[n-2] + x[n]
```

आता झिरो-स्टेट. इनपुट यायच्या आधी सिस्टिमच्या पोटात काही नाही, म्हणजे y[-1] = 0 आणि y[-2] = 0. आता n = 0 घाल. उजवीकडची पहिली दोन पदं शून्य, पण x[0] = 1. म्हणून y[0] = 1. तू तिथं शून्य ठेवलंस. इनपुट आलं, दार वाजलं, आणि तू म्हणालीस घरात कुणी नाही.

पुढं y[1] = 5/6 + 1 = 11/6. आता हे दोन खरे आकडे वापर. C + D = 1 - 3 = -2. C/2 + D/3 = 11/6 - 3 = -7/6, म्हणजे 3C + 2D = -7. सोडव आणि सांग.

---

सई_शहापूर

C = -3, D = 1 आले! थँक्यू ताई.

पण एक गंमत दिसली. माझं चुकीचं उत्तर मी n = 0 पासून मांडलं: 0, 0, 1, 11/6. आणि बरोबर उत्तर: 1, 11/6, 85/36. माझं उत्तर म्हणजे बरोबर उत्तरच, फक्त दोन पायऱ्या उशिरा सुरू झालेलं. हा योगायोग आहे का?

---

अनगोळची_रेवा

योगायोग नाही. आणि हे तू स्वतः पाहिलंस हे फार छान झालं, बऱ्याच जणांना चार वर्षांत दिसत नाही.

n = 0 आणि n = 1 ला y शून्य ठेवणं म्हणजे सिस्टिमला सांगणं की तुझी सुरुवात n = 2 ला आहे. तुझ्यासाठी ०, १ या जागा झाल्या उणे २, उणे १. इनपुट तर n = 2 नंतरही एकच आहे, म्हणून तीच गोष्ट दोन पायऱ्या उशिरा घडते. सूत्रातही दिसतं बघ: (1/2)^(n-2) म्हणजे 4(1/2)^n, म्हणून -3 चे -12 झाले. (1/3)^(n-2) म्हणजे 9(1/3)^n, म्हणून 1 चे 9 झाले. आणि म्हणूनच n = 2 पासून ते समीकरणात बसतं. जे बसत नाही ते n = 0 आणि n = 1 ला, आणि तू तिथं तपासलंच नव्हतंस.

तेव्हा नेहमी n = 0 ला तपासायचं. उत्तर n = 0 ला चुकलं असेल तर सुरुवातीची अट चुकीच्या जागी लावलेली असते, दहात नऊ वेळा.

---

संकेश्वर_जी

एवढं लांबवायची गरज नाही हो. मुळांचा भाग म्हणजे नॅचरल रिस्पॉन्स, तोच झिरो-इनपुट. इनपुटसारखा दिसणारा भाग म्हणजे फोर्स्ड, तोच झिरो-स्टेट. इथं फोर्स्ड = 3. बाकी सगळं झिरो-इनपुट. गेटच्या तयारीत आम्ही असंच करायचो, दोन मिनिटांत उत्तर.

---

अनगोळची_रेवा

@संकेश्वर_जी, एकूण उत्तर तुमचं बरोबर येईल, पण वाटणी चुकेल. दोन्ही भाग मिळवून बघा:

```
ZI    = 6(1/2)^n - 2(1/3)^n
ZS    = 3 - 3(1/2)^n + (1/3)^n
एकूण = 3 + 3(1/2)^n - (1/3)^n
```

तुमच्या हिशेबानं नॅचरल भाग 3(1/2)^n - (1/3)^n. तोच झिरो-इनपुट असता तर n = -1 ला त्यानं ६ दिलं पाहिजे. घालून बघा, 3·2 - 3 = 3 येतं. नाही बसत. खऱ्या झिरो-इनपुटमध्ये 6·2 - 2·3 = 6 येतं.

कारण साधं आहे. सिस्टिम रिकामी असली तरी इनपुटचा धक्का बसल्यावर ती स्वतःच्या चालीनं हिंदकळतेच. तो हिंदकळा झिरो-स्टेटच्या खात्यात जातो, -3(1/2)^n + (1/3)^n हा तोच. इनपुट नसताना जुन्या साठ्यामुळं जो हिंदकळा होतो तो झिरो-इनपुटच्या खात्यात. मुळं दोघांचीही तीच, म्हणून बेरजेनंतर कुणाचं किती ते ओळखू येत नाही.

---

संकेश्वर_जी

हं. म्हणजे नॅचरल-फोर्स्ड ही वाटणी उत्तर कसं दिसतं यावरून, आणि झिरो-इनपुट झिरो-स्टेट ही वाटणी कशामुळं आलं यावरून. मान्य. पण दोन मिनिटांत उत्तर येतं हेही मान्य करा की.

---

अनगोळची_रेवा

एकूण विचारलं असेल तर मान्य. 🙂

---

निपाणीकर_काका

मी कॉमर्सवाला, पतपेढीत तीस वर्षं वसुलीत काढली. धागा कर्जाचा वाटून उघडला आणि आता वाचतच बसलोय. मला वाटायलंय हे आमचंच आहे. १ लाख कर्ज, महिना १ टक्का, १२ हप्ते. हप्ता बसतो ८,८८५ रुपये. उरलेलं कर्ज = मागचं कर्ज × १.०१, वजा हप्ता. बरोबर का?

आता माणसानं एकही हप्ता भरला नाही तर वर्षानं १,१२,६८३ होतात. हे तुमचं झिरो-इनपुट. आणि एखाद्यानं कर्ज न घेताच दर महिन्याला ८,८८५ भरले, त्यावर तेवढंच व्याज धरलं, तर वर्षानं १,१२,६८४ जमा. हे झिरो-स्टेट. दोन्ही वजा केलं की कर्ज फिटलं, एक रुपया जास्तच. तो रुपया हप्ता गोल केल्याचा.

थकबाकीदाराला मी नेहमी सांगायचो, बाबा, तुझं कर्ज आणि तुझे हप्ते दोघंही व्याज खातात. कुणी ऐकायचं नाही.

---

सई_शहापूर

काका, हे मी वर्गात सांगणार! यात मूळ १.०१ आहे, म्हणजे १ पेक्षा मोठं. मग दोन्ही भाग एकेकटे फुगत जातात आणि बेरीज तेवढी शून्य होते?

---

अनगोळची_रेवा

हो. आणि म्हणूनच अशा ठिकाणी दोन भाग वेगळे काढून शेवटी वजा करताना जपावं. १२ महिन्यांत काही होत नाही. पण मूळ १.५ असेल आणि n = 100 असेल, तर दोन प्रचंड आकडे वजा करून लहान आकडा काढायचा असतो आणि कॉम्प्युटरचे शेवटचे अंक तिथंच हरवतात. सईच्या गणितात मुळं १/२ आणि १/३ आहेत, झिरो-इनपुट आपोआप विझतं, तिथं ही भीती नाही.

---

उद्यमबाग_नाईटशिफ्ट

कामातला किस्सा सांगतो. आमच्या फौंड्रीत कोअर ओव्हनचं तापमान वाचायला मी एक साधा फिल्टर लिहिला होता:

```
y[n] = 0.9 y[n-1] + 0.1 x[n]
```

सेन्सर थोडा उड्या मारायचा, म्हणून. ओव्हन आधीच २०० डिग्रीवर आणि मी रात्री कंट्रोलर रीस्टार्ट केला. स्क्रीनवर आलं २०, मग ३८, मग ५४.२. ओव्हन थंड झाला समजून लॉजिकनं हीटर पूर्ण चालू केला. ऑपरेटर ओरडत आला. सेन्सर दोनदा बदलला, वायर तपासली, सगळं ठीक.

मी फिल्टर y[-1] = 0 वरून सुरू केला होता. म्हणजे स्क्रीनवर दिसत होतं ते नुसतं झिरो-स्टेट उत्तर, 200(1 - 0.9^(n+1)). ९० टक्क्यांच्या वर जायलाच २२ वाचनं लागतात. शेवटी एका ओळीत दुरुस्त झालं: पहिलं वाचन आलं की तेच y[-1] मध्ये भरायचं. मग झिरो-इनपुट होतं 200·0.9^(n+1), आणि दोघांची बेरीज पहिल्या क्षणापासून २००.

त्या रात्रीपर्यंत मला वाटायचं सुरुवातीच्या अटी फक्त परीक्षेत असतात.

---

कुंदाप्रेमी

कोअर जळले का हो?

---

उद्यमबाग_नाईटशिफ्ट

एक ट्रे. त्याचं नाव काढू नका.

---

पायथन_टिळकवाडी

सईचं गणित मी scipy मध्ये घालून बघितलं. n = 0 ला मला ५ च्या जागी ७ आला, म्हणजे तुमचं एकूण उत्तर चूक आहे.

```python
from scipy.signal import lfilter
b, a = [1], [1, -5/6, 1/6]
y, zf = lfilter(b, a, [1]*5, zi=[6, 6])
```

---

अनगोळची_रेवा

उत्तर बरोबर आहे, `zi` चूक आहे. `zi` म्हणजे y[-1], y[-2] नव्हे. ती फिल्टरच्या आतल्या दोन डबड्यांतली बाकी असते, आणि जुन्या y वरून ती आधी काढावी लागते. त्यासाठी `lfiltic` आहे:

```python
from scipy.signal import lfiltic
zi = lfiltic(b, a, [6, 6])   # सर्वात अलीकडचा y आधी
y, zf = lfilter(b, a, [1]*5, zi=zi)
```

`zi` छापून बघा, 4 आणि -1 येतील. आता गंमत. सई, झेड ट्रान्सफॉर्मनं हेच केलंस तर y[n-1] चं होतं z^-1·Y + y[-1], आणि y[n-2] चं z^-2·Y + z^-1·y[-1] + y[-2]. जुन्या आकड्यांचं सगळं उजवीकडं नेलं की 5 - 1 - z^-1 उरतं, म्हणजे 4 - z^-1. तेच ४ आणि उणे १! त्याला (1 - (1/2)z^-1)(1 - (1/3)z^-1) नं भाग आणि तुकडे कर, तुझे ६ आणि उणे २ परत मिळतात. कॉम्प्युटरच्या डबड्यांत जे असतं तेच कागदावर अंशात येतं.

परीक्षेत पोरं y[n-2] च्या वेळी z^-1·y[-1] हे पद विसरतात. मग अंशात नुसतं 4 राहतं आणि A = 12, B = -8 येतात. n = 0 ला ते बरोबर ४ देतं, म्हणून चूक लपते. n = 1 ला मात्र १०/३ येतं आणि खरं आहे ७/३. म्हणजे मी वर n = 0 तपास म्हटलं ते पुरेसं नव्हतं. दुसऱ्या ऑर्डरला दोन जागा तपासायच्या.

---

पायथन_टिळकवाडी

5, 4.1667, 3.6389 आलं. जुळलं. शब्द मागे.

---

खानापूर_मास्तर

वाचतोय कधीचा. निवृत्त आहे, वेळच वेळ. एक खड्डा कुणी दाखवला नाही.

सईनं झिरो-स्टेटमध्ये y[0], y[1] हातानं काढून C, D काढले. पण एखादा हुशार म्हणेल, y[-1] = 0, y[-2] = 0 सरळ सूत्रात घालू की. इथं ते चालतं: 3 - 3·2 + 3 = 0, आणि 3 - 3·4 + 9 = 0. चाललं म्हणून पोरगं ती सवय लावून घेतं.

आता उजवी बाजू बदला. x[n] च्या जागी x[n] - x[n-1] ठेवा, बाकी सगळं तेच. कायम १ इनपुटाला उजवी बाजू पुढं शून्यच, म्हणून K = 0. मग y[-1] = y[-2] = 0 घातलं की C = 0, D = 0. उत्तर सगळंच शून्य! पण n = 0 ला x[0] = 1 आणि x[-1] = 0, म्हणजे उजवीकडं १ येतो आणि सिस्टिम हलते. हातानं काढा: y[0] = 1, y[1] = 5/6. खरं उत्तर 3(1/2)^n - 2(1/3)^n.

K काढताना आपण इनपुट अनादी काळापासून चालू धरतो. x[n-1] आला की n = 0 च्या ओळीत ते धरणं खोटं ठरतं. म्हणून झिरो-स्टेटला उणे जागा सूत्रात घालायच्याच नाहीत. हातानं पुढं या, मग घाला. फळ्यावर शिकवताना मीच एकदा तोंडघशी पडलोय, म्हणून सांगतोय.

---

सई_शहापूर

सर, मग झिरो-इनपुटमध्ये मी n = -1, -2 सरळ घातले ते चालतं का?

---

खानापूर_मास्तर

तिथं चालतं. उजवीकडं शून्यच आहे, खोटं धरायला काही नाही.

---

संकेश्वर_जी

मग माझा प्रश्न. परीक्षेत कधी कधी y[-1], y[-2] न देता y[0] आणि y[1] देतात. तेव्हा काय?

---

अनगोळची_रेवा

ते एकूण उत्तराचे आकडे असतील तर मागं चालत जायचं. समजा y[0] = 5 आणि y[1] = 25/6 दिलेत. n = 1 ची ओळ घ्या: y[-1] = 6·((5/6)y[0] - y[1] + x[1]) = 6·(25/6 - 25/6 + 1) = 6. मग n = 0 च्या ओळीतून y[-2]. तेही ६ येतात.

---

खानापूर_मास्तर

तसं लिहिलं असेल तर. मी असे पेपर पाहिलेत जिथं y[0], y[1] हे इनपुट नसतानाचे आकडे धरून मॉडेल उत्तर दिलंय. तेव्हा सरळ A + B = y[0] लावायचं. प्रश्नात काही लिहिलेलं नसतं.

---

अनगोळची_रेवा

प्रश्नात इनपुट दिलंय आणि y[0] दिलाय, तर तो इनपुटसकटचाच. दुसरा अर्थ कसा निघेल?

---

खानापूर_मास्तर

तर्कानं नाही निघत. पेपर तर्कानं काढतात असं तुम्ही धरलंय. मी पोरांना सांगायचो, काय धरलं ते पहिल्या ओळीत लिहा.

---

अनगोळची_रेवा

लिहिलं तरी मॉडेल उत्तराशी जुळलं नाही तर मार्क जाणारच ना, सर?

---

खानापूर_मास्तर

तपासणाऱ्यावर आहे.

---

निपाणीकर_काका

आमच्यातही हे भांडण आहे. कर्ज वाटपाच्या दिवशीची बाकी शून्याव्या महिन्याची की पहिला हप्ता कापल्यानंतरची? ऑडिटर दरवर्षी वेगळं म्हणायचा.

---

कुंदाप्रेमी

सगळ्यांना एक विचारू? ह्या दोघांना मराठीत काय म्हणायचं? झिरो-इनपुट झिरो-स्टेट म्हणून जीभ थकली. मी सुचवतो: संचित आणि क्रियमाण. आधीचं जे साठलंय त्याचं फळ ते संचित, आता जे करतोय त्याचं फळ ते क्रियमाण. भोगायची बेरीज.

---

खानापूर_मास्तर

वा. आणि क्रियमाण काढताना संचित शून्य धरायचं, संचित काढताना हात बांधून बसायचं. पोरांना पटलं असतं.

---

अथणी_बीएस्सी

आमच्याकडं संचित कधी शून्य नसतं.

---

अनगोळची_रेवा

नाव आवडलं. सई, आता एक तू कर. सिस्टिम तीच, y[-1] = y[-2] = 6 तेच, फक्त इनपुट x[n] = (1/2)^n u[n]. यात एक काटा आहे, तो तुझा तुलाच सापडू दे.

---

सई_शहापूर

दोन दिवसांनी येतेय, इंटर्नल होत्या.

काटा सापडला. K(1/2)^n धरलं तर डावी बाजू शून्यच होते, कारण १/२ हे सिस्टिमचंच मूळ आहे. K काढताच येईना. मग n नं गुणून K·n·(1/2)^n धरलं. n ची पदं कटली, K/3 उरलं, K = 3.

मग मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे हातानं: y[0] = 1, y[1] = 5/6 + 1/2 = 4/3. त्यावरून

```
ZS    = 3n(1/2)^n - 3(1/2)^n + 4(1/3)^n
ZI    = 6(1/2)^n - 2(1/3)^n
एकूण = (3n + 3)(1/2)^n + 2(1/3)^n
```

तपासलं, दोन्ही जागी. एकूण y[0] = 5 येतं आणि ओळीतून 5 - 1 + 1 = 5. y[1] = 11/3, आणि ओळीतून 25/6 - 1 + 1/2 = 11/3.

संचित पुन्हा काढावं लागलं नाही. जुनंच उचलून ठेवलं, इनपुट बदललं तरी तेच.

आणि इंटर्नलला y[0], y[1] दिलेलंच गणित आलं. काही लिहिलेलं नव्हतं. मी रेवाताईंसारखं मागं गेले आणि पहिल्या ओळीत काय धरलं ते लिहिलं. चिकोडीच्या मैत्रिणीनं सरळ A + B लावलं. पेपर अजून मिळाले नाहीत.

---

कुंदाप्रेमी

मिळाले की इथं टाक. ज्याचं चुकलं त्यानं कुंदा द्यायचा. मी पार्सल घ्यायला येतो.